सरासरी बिल वाढवायचं तर पाच टक्के सूट, किट आणि ९९ चा भाव यांपैकी काय?

प्रश्न: सेलूत आमचं किराणा-जनरल दुकान आहे. रोज शंभरेक बिलं होतात, सरासरी बिल ३१० रुपयांचं पडतं, सगळं धरून मार्जिन ११ टक्के. गावात मोठं मार्ट आल्यापासून महिन्याच्या याद्या कमी झाल्या. पाव्हणे म्हणतात कॉम्बो लावा, ५०० च्या वर ५ टक्के सूट द्या आणि सगळे भाव ९९ वर आणा. एका आठवड्याच्या बिलांचे आकडे सोबत दिलेत. यातून खरंच बिल वाढेल का, की आहे ते मार्जिनही जाईल?

उत्तर:

५०० वर ५ टक्के लावू नका, त्यात गल्ल्यातून पैसे जातील. किट जरूर लावा, पण ते तुम्ही स्वतः वजन करून विकता त्या मालाचं असू द्या. आणि ९९ चा भाव सगळीकडे लावून उपयोग नाही. पाकिटबंद मालावर एमआरपी छापलेली असते, तिच्या वर तुम्हाला जाता येत नाही. तिथं ९९ करायचं म्हणजे दर वेळी स्वतःच्या खिशातून खाली यायचं.

आता याची कारणं. आधी तुमचा ३१० चा आकडा उकलून बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

तुमच्या आठवड्यातला मधला एक दिवस घेतला आणि त्याची १०० बिलं रकमेप्रमाणे लावली. त्यात ४५ बिलं दीडशेच्या आतली आहेत, सरासरी ७० रुपयांची: दूध, बिस्किट, दहा रुपयांची चहापत्ती. ३० बिलं दीडशे ते चारशेच्या मधली, सरासरी २६०. चारशे ते सातशेमध्ये १५ बिलं, सरासरी ५२०. आणि सातशेच्या वर फक्त १० बिलं, पण त्यांची बेरीज १२,२५० रुपये. सगळं मिळून दिवसाचा धंदा ३१,००० आणि त्यावर ११ टक्क्यांनी नफा ३,४१० रुपये.

म्हणजे ३१० रुपयांचं बिल करणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे फारसं नाहीच. वरच्या दहा बिलांनी सरासरी ओढून वर नेली आहे. दुकानात येणाऱ्या शंभरातले जवळजवळ निम्मे लोक बारक्या खरेदीला येतात आणि कुठलीही योजना लावली तरी ते पाचशेपर्यंत जाणार नाहीत. तुमच्या हातात खरे आहेत ते मधले: २६० वाले आणि ५२० वाले.

आता ५०० वर ५ टक्के लावून बघा. त्या दिवशी आधीच पाचशे किंवा जास्त असलेली बिलं १८ होती. त्यांची बेरीज १६,९७०. या लोकांनी एक रुपयाचं जास्त न घेताही तुम्ही त्यांना सुमारे ८५० रुपये देऊन बसलात. आता ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्यांच्याकडे या. चारशे ते पाचशेच्या मधली बिलं ७, सरासरी ४४०. समजा सातही जणांनी ६० रुपयांचं जास्त सामान घेतलं. हे कधी होत नाही, पण समजू. धंदा ४२० रुपयांनी वाढला, त्यावर नफा ४६ रुपये. आणि त्या सातांना ५ टक्क्यांनी २५ रुपयांप्रमाणे १७५ रुपये दिले. एकूण हिशोब: ८५० गेले, १७५ गेले, ४६ आले. रोज ९८० रुपयांच्या आसपास तोटा, तोही ३,४१० च्या नफ्यातून.

यात खोट योजनेपेक्षा मार्जिनची आहे. ११ टक्क्यांतले ५ दिले की हातात ६ राहतात. ८५० रुपये भरून काढायला वर १४,००० रुपयांचा जादा धंदा लागेल, म्हणजे आजच्या जवळजवळ दीडपट. कापड दुकानात ३०-४० टक्के मार्जिन असतं, तिथं हीच ५ टक्क्यांची पायरी बसते. तिथलं बघून किराण्यात लावली की फसते. मार्टवाल्याला परवडतं कारण त्याला कंपनीकडून मिळणारा भाव वेगळा असतो आणि त्याची सूट बरीचशी कंपनीच्या पैशातून निघते.

मग पायरी लावायचीच नाही का? लावता येते. फक्त बक्षीस बिलावर देऊ नका, एका वस्तूवर द्या आणि ती वस्तू गिऱ्हाइकाला विकतच द्या, फुकट नको. फळ्यावर लिहायचं ते असं: ‘६०० च्या वर बिल झाल्यास अर्धा किलो शेंगदाणे ७५ ऐवजी ६५ ला’. शेंगदाण्याचे ६५ रुपये सहाशेत धरायचे नाहीत, हे फळ्यावरच लिहा, नाहीतर रोज वाद.

हाही हिशोब त्याच दिवसावर मांडतो. अर्धा किलो शेंगदाणे निवडून, पिशवी धरून तुम्हाला ६० ला पडतात असं धरू. एरवी ७५ ला विकले तर १५ सुटतात, योजनेत ५ सुटतात. सहाशेच्या वर आधीच असलेली बिलं १४. त्यातल्या आठांनी दाणे घेतले. या आठांतले चार जण असेही दाणे घेणारच होते. त्यांच्या मागे १० रुपयांप्रमाणे ४० गेले. उरलेल्या चौघांनी फळा बघून घेतले. त्यांच्याकडून ५ रुपयांप्रमाणे २० आले. आता साडेचारशे ते सहाशेमधली बिलं, ती ९ आहेत. त्यातल्या चौघांनी सरासरी ९० रुपयांचं सामान वाढवून सहाशे गाठले आणि दाणेही घेतले. वाढीव ३६० वर नफा ४०, दाण्यांवर २०. सगळं मिळून दिवसाला ४० रुपये जास्त.

चाळीस रुपये ऐकून हसू येईल, पण एकीकडे रोजचे ९८० जात होते, इथं ४० येताहेत, आणि दाण्याचं जे पोतं पंधरा दिवस चालायचं ते आठ-दहा दिवसांत रिकामं होतं. शिवाय ज्यांनी दाणे घेतले नाहीत त्यांच्यावर तुमचा एक पैसा खर्च झाला नाही. टक्क्यांच्या सवलतीत आणि यात खरा फरक एवढाच आहे.

पायरी सहाशेला का? कारण तिच्या खाली हात पोहोचेल अशा अंतरावर नऊ बिलं उभी आहेत. माझा ठोकताळा असा की गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या बिलापासून पायरी वीस-पंचवीस टक्क्यांपेक्षा लांब असली तर तो प्रयत्नच करत नाही. ४८० वाल्याला ६०० दिसतात, २६० वाल्याला दिसत नाहीत. म्हणून एखाद्या दुसऱ्या दुकानाची ९९९ ची पायरी उचलून आणू नका. आपल्या बिलांचा ढीग कुठं आहे ते बघून तिच्या थोडी वर ठेवा.

बक्षिसाची वस्तू निवडताना तीन गोष्टी बघा. ती घरोघरी लागते का, तिचा भाव लोकांना साधारण माहीत आहे का, आणि तिच्यात तुम्हाला किमान पंधरा-वीस टक्के सुटतात का. शेंगदाणे, पोहे, रवा, खोबरं, जिरं चालतं. साखर आणि तेल नको. साखरेत किलोमागे रुपया-दोन रुपये सुटतात, तिथं सवलत म्हणजे सरळ पदरचे पैसे.

आणि ही योजना फळ्यावर चालत नाही, काउंटरवर चालते. पिशवी बांधून झाल्यावर बेरीज सांगितली तर उपयोग शून्य, तोवर गिऱ्हाइकाचा एक पाय बाहेर असतो. मुलाला सवय लावा की यादी संपली की आधी बेरीज सांगायची: ‘‘काकू, पाचशे तीस झाले. सत्तरचं अजून काही घेतलं तर दाणे पासष्टला बसतील. चहापत्ती संपली असंल ना?’’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नुसतं ‘अजून काही?’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. यादीत साखर आहे आणि चहापत्ती नाही हे ज्या मुलाला दिसतं, तो तुमचं बिल वाढवतो.

एकाच वस्तूच्या नगांवरची पायरी, म्हणजे एक साबण एवढ्याला आणि चार घेतले तर एवढ्याला, ही वेगळी गोष्ट. कंपनीची स्कीम असेल तर ती पुढं द्या, स्वतःच्या पैशाने देऊ नका. चार साबण नेलेलं घर पुढं बरेच दिवस साबणाला येत नाही. आजचं बिल फुगतं, पुढचं बसतं. याला अपवाद असा माल, जो घरात जास्त असला की जास्त खाल्ला जातो: शेव, फरसाण, बिस्किटं. पाव किलो शेव ५० ला आणि अर्धा किलो ९५ ला ठेवली तर पाच रुपये सोडून पंचेचाळीसची विक्री जास्त होते, आणि ती शेव आठवड्यात संपलेली असते.

आता किट. बिल वाढवायचा खरा वाव इथं आहे, आणि हिशोब चुकायची जागाही हीच.

उपवासाचं किट घेऊ. आपल्याकडे आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस आणि महाशिवरात्र, एवढे तरी मोठे दिवस मिळतात. औंढा, परळी, वेरूळ ही ज्योतिर्लिंगं आणि तुळजापूर, माहूर ही देवीची ठाणी मराठवाड्यातच असल्याने घरटी उपवास असतात. किटमध्ये अर्धा किलो साबुदाणा (तुम्हाला २७ ला पडतो, विक्री ३३), अर्धा किलो भगर (५२, विक्री ६२), अर्धा किलो शेंगदाणे (६०, विक्री ७५) आणि राजगिरा लाडवाचं एक पाकीट (२०, एमआरपी ३०). आकडे धरून चाललोय, तुमच्या खरेदीप्रमाणे बदला. सुटं घेतलं तर गिऱ्हाइकाला २०० पडतात, तुम्हाला १५९. नफा ४१.

किट कितीला लावाल? बहुतेक जण १८९ म्हणतात, कारण तो भाव ‘दिसतो’. ११ रुपये सूट आणि बाहेरच्या पिशवीचे २ रुपये गेले की नफा उरतो २८. आता हे किट कोण घेईल ते बघा. एक बाई फक्त साबुदाणा आणि दाणे घ्यायला आली होती. तिचं बिल १०८ चं झालं असतं आणि तुम्हाला २१ सुटले असते. तिने किट घेतलं, बिल ८१ रुपयांनी वाढलं, नफा फक्त ७ ने. दुसरी बाई चारही वस्तू घेणारच होती. तिच्याकडून ४१ यायचे तिथं २८ आले, १३ गेले. म्हणजे किट घेणाऱ्या शंभरातल्या ३५ जणी अशा निघाल्या, ज्या सगळं घेणारच होत्या, तर तुमची सगळी मेहनत फुकट. सरासरी बिल मात्र वाढलेलं दिसेल आणि तुम्ही खूश राहाल.

तेच किट १९५ ला लावा. सूट ५, पिशवी २, नफा ३४. पहिल्या बाईकडून १३ जास्त, दुसरीकडून ७ कमी. आता शंभरात ६५ हून जास्त जणी दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या तरच तोटा. सूट अकरावरून पाचवर आणल्याने खप अर्धा होतो का? माझ्या अनुभवात होत नाही. उपवासाचं किट लोक अकरा रुपये वाचतात म्हणून घेत नाहीत. चार गोष्टी आठवाव्या लागत नाहीत, गर्दीच्या दिवशी वजनाला थांबावं लागत नाही, म्हणून घेतात. भगर विसरली म्हणून संध्याकाळी परत पोराला पिटाळावं लागतं, ते वाचतं. पाच रुपये हा फक्त ‘सुट्यापेक्षा महाग नाही’ एवढं सांगण्यापुरता.

त्यासाठी किटवर दोन्ही आकडे लिहा: सुटं २००, किट १९५. आणि सुटा माल शेजारीच दिसू द्या. सुटं बंद करून फक्त किट ठेवलं तर ज्याच्या घरी भगर पडून आहे तो चिडतो आणि समोरच्या दुकानात जातो.

पहिल्या आणि दुसऱ्या बायका किती, हे कसं कळणार? गेल्या एकादशीच्या आदल्या दोन दिवसांची बिलं काढा. ज्या बिलांत साबुदाणा आहे ती बाजूला करा. त्यातल्या किती बिलांत भगर आणि लाडूही आहेत ते मोजा. साबुदाण्याच्या चाळीस बिलांत सगळ्या वस्तू सहाच बिलांत असतील तर किट बिनधास्त लावा. तीस बिलांत असतील तर किटची गरजच नाही, लोक आपणहून घेताहेत. मग किटमधली वस्तू बदला, जी लोकांच्या यादीत नसते पण दिसली की हवीशी वाटते ती घाला: बटाट्याचे वेफर्स, खजूर, शिंगाड्याचं पीठ.

हाच नियम बाकी किटला. येळवशीला, दिवाळीच्या फराळाला, महालक्ष्म्यांना. प्रत्येक किटमध्ये दोन वस्तू अशा हव्यात ज्यांच्यासाठी माणूस आलाच होता, आणि दोन अशा ज्या तो एरवी विसरतो किंवा दुसरीकडून घेतो, आणि या दुसऱ्या दोघांत मार्जिन बरं हवं. न खपणारा माल किटमध्ये कोंबायचा मोह होतो. मुदत जवळ आलेलं सरबत फराळाच्या किटमध्ये दिसलं की बाई पूर्ण किट उलटंपालटं करून बघते आणि पुढच्या वर्षी किटला हात लावत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी किटच्या बाबतीत सांभाळा. तुम्ही नेहमीच्या जीएसटीत असाल आणि वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकाच भावाला, एका ओळीत बिल करून विकल्या तर तो ‘मिश्र पुरवठा’ धरला जातो आणि पूर्ण किटवर त्यातला सर्वांत जास्त दर लागतो. ५ टक्क्यांच्या तेलाबरोबर १८ टक्क्यांची धुण्याची पावडर एका भावात बांधली तर तेलावरही १८ टक्के. म्हणून बिलात प्रत्येक वस्तूची ओळ वेगळी, तिच्यावरची सूट तिथंच दाखवलेली, अशी सवय ठेवा. बिलावरच दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते. कंपोझिशनमध्ये असाल तर करपात्र मालाच्या विक्रीवर १ टक्का भरता, तुम्हाला हा प्रश्न येत नाही.

दुसरी गोष्ट, आधीच भरून ठेवलेल्या पुड्या. गिऱ्हाइकासमोर वजन करून दिलं तर लेबल लागत नाही. पण पुड्या आधी भरून ठेवल्या की त्यांवर मालाचं नाव, निव्वळ वजन, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, भरल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापावं लागतं, शिवाय खाण्याचा माल म्हणून अन्न परवाना क्रमांकही. डाळ-तांदळासारख्या मालावर, लेबल लावून २५ किलोपर्यंत पॅक केलं की ५ टक्के जीएसटी येतो, सुट्यावर नसतो. १८ जुलै २०२२ पासून हे असं आहे. साधा मार्ग हा की सणाच्या दिवशी वजनाला एक माणूस वेगळा बसवा आणि किट मागितल्यावर समोर भरा. लाडवाचं पाकीट मात्र त्याच्या छापील एमआरपीसकट तसंच जाऊ द्या, ती झाकू नका.

आता भावाच्या शेपटाकडे येतो. ९९ ला जोर येतो तो मुख्यतः डावीकडचा आकडा बदलतो म्हणून. माणूस भाव डावीकडून वाचतो. २०० चे १९९ झाले की शंभराचा आकडाच बदलला, पण १९६ चे १९५ केल्याने काही होत नाही. शेवटच्या ९ चाही आपला परिणाम असतो. अमेरिकेत २००३ मध्ये अँडरसन आणि सिमेस्टर या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या कपड्यांच्या कॅटलॉगवरच्या प्रयोगात एकाच ड्रेसला ३४, ३९ आणि ४४ डॉलर असे भाव वेगवेगळ्या कॅटलॉगमध्ये लावले होते. सगळ्यांत जास्त खप ३९ ला झाला, स्वस्त असलेल्या ३४ पेक्षाही जास्त. आणि हा परिणाम नव्या मालावर जास्त दिसला, ज्याचा भाव गिऱ्हाइकाच्या डोक्यात आधी नव्हता.

यातलं तुमच्या कामाचं वाक्य शेवटचं आहे. साखर, तेल, तूरडाळ यांचा भाव गिऱ्हाइकाला तुमच्याइतकाच पाठ असतो. लातूरला तूर उतरली की दुसऱ्या दिवशी गल्लीत माहीत असतं. तिथं १२९ लिहा की १३०, त्याला एक रुपयाच दिसतो. पण तुमच्या जनरलच्या बाजूला स्टीलचे डबे, प्लास्टिकचे टब, खेळणी, सुका मेवा, बरण्या आहेत. त्यांचा ‘बरोबर भाव’ कुणालाच नक्की माहीत नसतो. तिथं शेपूट चालतं.

आणि तिथं ते वर जायला वापरा. तुमचा डबा १८४ ला असेल तर १९९ नको, कारण ती पंधरा रुपयांची उडी आहे आणि शेजारचा दुकानदार १८० ला विकत असेल. पण १८४ चे १८९ केले तर कुणाच्या डोळ्यात येत नाही आणि पाच रुपये पूर्ण नफ्यात जातात. १२६ चं १२९, ९४ चं ९९. अशा पंधरा-वीस वस्तूंवर मिळून महिन्याला जे सुटतं ते कुठल्याही योजनेपेक्षा जास्त भरतं, आणि त्यासाठी काही द्यावं लागत नाही. २०० चे १९९ मात्र तेव्हाच, जेव्हा वस्तू २०० ला अडकून पडली आहे.

पन्नासच्या आतल्या गोष्टींना शेपूट नको. मार्टमध्ये रुपया परत द्यायची सोय असते. आठवडी बाजाराच्या दिवशी तुमच्या गल्ल्यात एकेक रुपयाची चिल्लर कुठून येणार? मग रुपयाऐवजी चॉकलेट हातात दिलं की बायाबापड्या ते लक्षात ठेवतात. यूपीआयने पैसे देणाऱ्यांना १९९ चा त्रास नाही, म्हणून मोठ्या वस्तूंना चालतं. आणि जे गिऱ्हाईक ‘दहाचं जिरं, वीसचे दाणे’ असं रुपयांत मागतं, त्याच्याकडे भावाचा प्रश्नच येत नाही. तिथं काट्यावर किती ग्रॅम पडतात तेवढंच तुमच्या हातात, आणि ते प्रामाणिक ठेवा. बारकं गिऱ्हाईक घरी जाऊन मोजतं.

राहिली उधारी. शेंगदाण्याची योजना आणि किट दोन्ही फक्त रोख आणि यूपीआयला ठेवा. सोयाबीन निघेपर्यंत निम्मा गाव खात्यावर घेतो. त्यांना सहाशेची पायरी दाखवली तर बिलं नक्की वाढतील, पण वाढेल ती खतावणी. सरासरी बिल ३१० चं ३४० झालं आणि त्यातले २५ दिवाळीपर्यंत अडकले तर तुमचीच घाऊकवाल्याकडची बाकी वाढते. खातेदाराला डावललं असं वाटू नये म्हणून उलटं करा: जो दसऱ्या-दिवाळीला खातं पूर्ण चुकतं करेल त्याला त्या दिवशी दाणे किंवा फराळाचं किट सवलतीत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं उचल मिळाल्यावर निघायच्या आधी भरपूर बाजार करतात, त्यांच्याकडेही हेच चालतं.

मोजायचं कसं, ते आधी ठरवून मग सुरू करा. सरासरी बिल एकट्याने बघू नका. पोरांनी बिस्किटाला यायचं बंद केलं तरी सरासरी वाढते; एकाच घरातली दोन बिलं एकत्र झाली तरी वाढते, आणि दोन्हीत तुमच्या हाती काही येत नाही. रोज रात्री तीन आकडे लिहा: बिलं किती, विक्री किती, आणि नफा रुपयांत किती. नफ्यासाठी प्रत्येक मालाचा हिशोब नको. किट किती गेली, योजनेतले दाणे किती गेले, बाकी विक्रीवर ११ टक्के, एवढं पुरे. तुलना आदल्या आठवड्याशी करू नका. पगाराचा आठवडा पगाराच्या आठवड्याशी, बाजाराचा दिवस बाजाराच्या दिवसाशी. चार आठवड्यांत बिलांची संख्या टिकून नफा वर गेला नसेल तर फळा उतरवा.

सुरुवात या क्रमाने करा: या आठवड्यात जनरलच्या बाजूचे पंधरा-वीस भाव वर सरकवा, कारण त्याला काही लागत नाही. पुढच्या एकादशीला वीस-पंचवीस किटांपुरता माल वेगळा काढा, त्याहून जास्त नको. पिशव्या आधी भरून ठेवू नका, म्हणजे उरलेला साबुदाणा-दाणे दुसऱ्या दिवशी परत पोत्यात जातात. सहाशेची पायरी सगळ्यात शेवटी, काउंटरवरचा मुलगा बेरीज आधी सांगायला शिकला की मगच.